घरातलं हॉस्पिटल आणि दोनशे पानी वही

आमच्या मेडिक्लेम पॉलिसीत घरीच घेतलेल्या रुग्णालयासारख्या उपचारांचं, 'डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन' नावाचं एक कलम आहे, हे मला 17 एप्रिल 2021 च्या रात्री कळलं. त्याआधी अकरा वर्षं आम्ही हप्ते भरत होतो. पॉलिसीचं जाडजूड पुस्तक कपाटात लग्नाच्या अल्बमखाली होतं आणि ते कुणीही उघडलेलं नव्हतं.

पण सुरुवात त्याच्या महिनाभर आधी झाली, सासूबाईंच्या लसीपासून.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. 1 मार्च 2021 पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली. सासूबाई तेव्हा 71 वर्षांच्या होत्या. सरकारी केंद्रावरची रांग त्यांना झेपणार नाही म्हणून 22 मार्चला खासगी रुग्णालयात 250 रुपये भरून कोविशील्डचा पहिला डोस दिला. अर्धा तास बसवून ठेवलं, काही झालं नाही, घरी आलो. रात्री ताप चढला, 102. तसं सगळ्यांनाच होत होतं, पॅरासिटामॉल दिली. मंगळवारी ताप उतरला, पण उलट्या सुरू झाल्या. पाणीही पोटात राहीना. बुधवारी सकाळी त्या मला माझ्या जावेच्या नावानं हाक मारू लागल्या आणि आपण सिन्नरला आहोत असं समजून बोलायला लागल्या. तेव्हा मात्र आमची गाळण उडाली.

दाखल केलं. रक्तातलं सोडियम 121 निघालं. ते 135 च्या वर असायला हवं. बीपीसाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तिनं सोडियम मुळातच काठावर आलेलं असणार. त्यात ताप, उलट्या आणि उपास यांची भर पडली. डॉक्टरांनी ते मोजून-मापून हळूहळू वर आणलं, कारण घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दोन रात्री राहून 26 मार्चला दुपारी त्या घरी आल्या, आणि येताच चहात साखर कमी आहे म्हणाल्या. म्हणजे ठीक झाल्या.

त्यांची पॉलिसी वेगळी आहे, ज्येष्ठ नागरिकांची, तीन लाखांची. कॅशलेससाठी रुग्णालयाच्या मेडिक्लेम डेस्कनं अर्ज पाठवला आणि चार तासांत नकार आला. कारण दिलं होतं : लसीकरण पॉलिसीत वगळलेलं आहे. मी अर्जाची प्रत मागून घेतली. दाखल करण्याच्या कारणापुढे रेसिडेंट डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पोस्ट व्हॅक्सिनेशन, फॉर ऑब्झर्व्हेशन'. बस, एवढंच. सोडियमचा आकडा नाही, भ्रम झाल्याचा उल्लेख नाही.

यात दोन घोटाळे एकदम झाले होते. पॉलिसीत वगळलेली असते ती लस टोचण्याची किंमत, म्हणजे आमचे ते 250 रुपये. ते मागायला आम्ही गेलोच नव्हतो. लसीनंतर तब्येत बिघडून दाखल व्हावं लागलं, तर तो इतर कुठल्याही आजारासारखा आजार. विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, 18 मार्च 2021 लाच हे स्पष्ट केलं होतं : कोविड लसीच्या दुष्परिणामामुळे रुग्णालयात भरती झाल्यास तो खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मिळतो. आमच्या आधी चारच दिवस. दुसरा घोटाळा 'फॉर ऑब्झर्व्हेशन' या शब्दांचा. नुसत्या तपासण्यांसाठी किंवा निरीक्षणासाठी झालेली भरती मेडिक्लेम देत नाही, तसं वेगळं कलमच आहे. म्हणजे लसीचा मुद्दा सुटला असता तरी पुढे याच शब्दांनी पाय अडकला असता.

मोठ्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, "डिस्चार्ज कार्ड मी स्वतः लिहितो." त्यांनी निदान लिहिलं : तीव्र हायपोनेट्रिमिया म्हणजे सोडियम घटणं, उलट्यांमुळे निर्जलीकरण, कोविड लसीनंतर दुसऱ्या दिवसापासून. खाली दिवसातून तीनदा तपासलेल्या सोडियमचे आकडे आणि सलाइनचा तपशील. शिवाय लस दिलेल्या केंद्राला कळवून लसीकरणोत्तर प्रतिकूल घटनेची, त्यांच्या भाषेत एईएफआयची, नोंद करायला लावली. ही नोंद विम्यासाठी नसते, लसीच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्यासाठी असते, पण तिची प्रत फायलीत असलेली बरी.

कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं होत नाही, हेही तेव्हाच समजलं. बिल 31,400 रुपये झालं, ते आम्ही भरलं आणि नंतर परताव्याचा अर्ज केला. हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे 2,900 रुपये वजा झाले. उरलेल्या 28,500 वर त्यांच्या पॉलिसीतलं 20 टक्के को-पे, म्हणजे 5,700 आमच्या खिशातून. 22,800 रुपये मे महिन्यात खात्यात आले. बीपीची गोळी बदलली. दुसऱ्या डोसचं अंतर मधल्या काळात बारा आठवड्यांवर गेलं होतं, त्यामुळे तो जूनमध्ये झाला आणि रात्रभराच्या कणकणीवर निभावलं.

कणकणीचं औषधपाणी मात्र कुठलीच साधी पॉलिसी देत नाही. लस घेऊन दोन दिवस घरी तापात पडलात, डॉक्टरला घरी बोलावलंत, तरी तो बाह्यरुग्ण खर्च. ओपीडीचं वेगळं कव्हर असेल तर गोष्ट निराळी.

सासूबाईंचा अर्ज पोस्टात टाकला त्याच आठवड्यात नवऱ्याला ताप आला. 11 एप्रिल, रविवार. 13 तारखेला घरी येऊन नमुना नेला, 800 रुपये. 14 ला पॉझिटिव्ह. त्यावेळचं नाशिक ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नवरा 54 वर्षांचा, मधुमेह नाही, बीपी नाही, त्यामुळे घरीच विलगीकरण. मी दिवसातून चारदा बोटाला ऑक्सिमीटर लावत होते. 17 तारखेला सकाळी 95 होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सहा मिनिटं खोलीत चालायला लावलं, तर 90. दुपारी बसल्या जागी 91.

छातीचं सीटी स्कॅन केलं. सरकारनं दर बांधून दिलेले असल्यामुळे 2,500 रुपये लागले. स्कोअर 25 पैकी 11. डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजन बेड शोधा." दुपारी तीन ते रात्री साडेनऊ मी आणि दीर फोन करत होतो. चौदा रुग्णालयं. महापालिकेच्या हेल्पलाइनवर नंबर लावून ठेवला. एका ठिकाणी दीर स्वतः जाऊन उभे राहिले. तिथल्या कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं केस पेपरवर लिहून दिलं : 'एसपीओटू 91, ऑक्सिजन बेड उपलब्ध नाही, अन्यत्र पाठवत आहे', खाली सही, शिक्का, वेळ रात्री 8.40. दिरांनी तो कागद रागानं चुरगळून खिशात कोंबला होता. पुढे त्या चुरगळलेल्या कागदावरच आमची सगळी केस उभी राहिली.

रात्री आमच्या फॅमिली डॉक्टरांनी निर्णय घेतला की घरीच ऑक्सिजन लावू. ते एमडी आहेत, म्हणून आमचा धीर झाला. अट एकच : ऑक्सिजन लावूनही 92 च्या खाली गेलं, तर धुळ्यापर्यंत जावं लागलं तरी जायचं. शरणपूर रोडवरच्या एका सर्जिकलच्या दुकानातून पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं आणला, दिवसाला 900 रुपये, वर वीस हजार डिपॉझिट. तीन लिटरवर 95 आलं. पालथं झोपवल्यावर 96.

त्याच रात्री एजंट काकांना फोन केला. आमच्याच सोसायटीत राहतात, सत्तरीचे आहेत आणि 'मेडिक्लेम' हा शब्द ते 'मेडीकलेम' असा म्हणतात. ते म्हणाले, "ताई, पुस्तक उघडा, डोमिसिलियरीचं पान काढा आणि मला वाचून दाखवा." मी वाचलं. अर्थ असा होता : जो आजार एरवी रुग्णालयात ठेवूनच बरा करावा लागतो, त्याचे उपचार घरी झाले तर खर्च मिळेल, पण दोनपैकी एका कारणानं. एकतर रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही, किंवा रुग्णालयात जागा नाही. उपचार तीन दिवसांपेक्षा जास्त चालले पाहिजेत. मर्यादा विमा रकमेच्या 10 टक्के, म्हणजे आमच्या पाच लाखांवर 50,000. आणि खाली वगळलेल्या आजारांची यादी : दमा, ब्राँकायटिस, सर्दी-खोकला, वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग, इन्फ्लुएन्झा, जुलाब, मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दहा दिवसांच्या आतला कारण न कळलेला ताप...

"आता ऐका," काका म्हणाले. "आत्ताच्या आत्ता कंपनीला मेल करा. उद्या नाही. पेशंटचं नाव, पॉलिसी नंबर, सॅच्युरेशन, बेड मिळत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घरी उपचार सुरू. आणि आजपासूनच वही घाला. हॉस्पिटलात नर्स जे लिहिते ते सगळं तुम्ही लिहायचं, आणि रोज डॉक्टरची सही."

नवरा धापा टाकतोय आणि मी मेल लिहितेय, याचा मला भयंकर राग आला होता. पण लिहिला. रात्री 11.52 ला गेला.

वही मुलाची होती, दोनशे पानी, पहिल्या चार पानांवर बीजगणित. पाचव्या पानापासून मी रेघा मारल्या : वेळ, ताप, नाडी, श्वास मिनिटाला किती, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय, ऑक्सिजनवर, किती लिटर, औषध, कुणी दिलं. दर चार तासांनी नोंद. सकाळ-संध्याकाळ नर्स येत होती, स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि रक्त पातळ ठेवणारं पोटातलं इंजेक्शन द्यायला. तिला एका फेरीचे 400. तिचीही सही घ्यायचे. श्वासांची संख्या मोजणं सगळ्यात अवघड होतं, कारण माणसाला कळलं की आपण मोजतोय, तर तो वेगळा श्वास घेतो. मग मी नाडी पाहतेय असं दाखवून छातीकडे बघायचे.

रेमडेसिविरसाठी तेव्हा लोक वेडे झाले होते. आमचे एक नातेवाईक कुठूनतरी सहा कुप्या आणून देतो म्हणाले. डॉक्टरांनी साफ नकार दिला. घरी हे इंजेक्शन द्यायचं नसतं, रुग्णालयातच देतात, आणि बिल नसलेली कुपी कुठून आली कुणास ठाऊक. महिनाअखेरीस केंद्राच्या नव्या सूचनांतही तेच आलं. ते घेतलं असतं तर पैसे तर गेलेच असते, वर दाव्यातही पांढऱ्या कपड्यावरचा डाग ठरलं असतं.

21 एप्रिलला दुपारी टीव्ही लावला तर आमच्याच शहरातल्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन 22 रुग्ण गेल्याची बातमी. मी टीव्ही बंद केला आणि कॉन्सन्ट्रेटरचा आवाज ऐकत बसले. त्या दिवशीच्या वहीत दुपारी बारा ते आठ काहीच नोंद नाही. पुढे सुनावणीत त्याबद्दल विचारलं गेलं.

24 पासून डॉक्टरांनी ऑक्सिजन उतरवायला सुरुवात केली, तीनवरून दोन, दोनवरून एक, मग तासभर बंद करून बघणं. 26 ला संध्याकाळी ऑक्सिजनशिवाय 96, चालून आल्यावर 94. मशीन बंद. दहा दिवस झाले होते.

आता हिशोब. कॉन्सन्ट्रेटरचं भाडं 9,000. डॉक्टर सहा वेळा घरी आले, हजार रुपये प्रमाणे 6,000, आणि चार दिवस व्हिडिओ कॉल, 500 प्रमाणे 2,000. नर्सच्या वीस फेऱ्या, 8,000. औषधं आणि इंजेक्शनं 14,350. सीटी, रक्ताच्या तपासण्या, आरटीपीसीआर मिळून 7,900. ऑक्सिमीटर 2,200, नेब्युलायझर 1,850. पीपीई किट, मास्क, हातमोजे 4,700. एकूण 56,000. मेमध्ये सगळी मूळ बिलं, वहीची झेरॉक्स आणि डॉक्टरांचं पत्र जोडून दावा पाठवला.

जूनच्या मध्याला नकाराचं पत्र आलं. तीन कारणं. एक : हा वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग असून डोमिसिलियरीच्या यादीत वगळलेला आहे. दोन : सौम्य कोविडला गृहविलगीकरण पुरेसं असतं, त्यामुळे रुग्णालयाची गरज होती असं दिसत नाही. तीन : बेड नसल्याचा पुरावा नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या विंगमधल्या गृहस्थांनाही नकाराचं पत्र आलं होतं. ते पाच दिवस रुग्णालयात राहिले होते, सॅच्युरेशन 96, सगळ्या गोळ्या तोंडानं घ्यायच्या. त्यांना लिहिलं होतं की हे घरी बरं होण्यासारखं होतं, भरती अनावश्यक. आम्ही जिन्यात उभं राहून एकमेकांची पत्रं वाचली. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं आणि माझं पत्र एकमेकांना जोडून पाठवूया का?" चेष्टा होती, पण नंतर मी शांतपणे विचार केला तेव्हा वाटलं की त्यांच्या नकारात निदान तर्क होता. साधी मेडिक्लेम आजाराचं नाव बघत नाही. महासाथीचा आजार असला तरी तो तिच्यात बसतोच. इर्डानं 4 मार्च 2020 लाच कंपन्यांना सांगितलं होतं की भरतीचा खर्च देणाऱ्या पॉलिसींत कोरोनाचे दावे झटपट निकाली काढा आणि नाकारण्याआधी दावा क्लेम रिव्ह्यू कमिटीपुढे ठेवा. पॉलिसी बघते ते एवढंच : हा माणूस रुग्णालयात ठेवण्याइतका आजारी होता का? नुसतं पॉझिटिव्ह असणं म्हणजे याचं उत्तर नव्हे. माझ्याकडे उत्तर होतं, फक्त ते मी नीट मांडलं नव्हतं. मी बिलांचा गठ्ठा पाठवला होता आणि वाचणाऱ्यानं त्यातून गोष्ट शोधावी अशी अपेक्षा धरली होती.

28 जूनला कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला दोन पानी पत्र लिहिलं. पहिल्या कारणाला उत्तर सीटीचं : संसर्ग दोन्ही फुप्फुसांत आहे, तो न्यूमोनिया आहे, म्हणजे खालचा श्वसनमार्ग. नाक आणि घसा नव्हे. इन्फ्लुएन्झाचा विषाणूही वेगळा. यादीत जे लिहिलंय तेवढंच वगळता येतं, त्याच्यासारखं दिसणारं नाही. दुसऱ्याला उत्तर वहीचं : गृहविलगीकरणाच्या केंद्राच्या सूचनांनुसार सौम्य रुग्ण म्हणजे सॅच्युरेशन 94 च्या वर. 90 ते 93 मध्यम, आणि मध्यम रुग्ण रुग्णालयात. 17 एप्रिलच्या सगळ्या नोंदी पिवळ्या हायलायटरनं रंगवल्या. तिसऱ्याला तो चुरगळलेला केस पेपर, इस्त्री करून. सोबत आमच्या दोन्ही फोनच्या कॉल लॉगची छायाचित्रं आणि रात्री 11.52 चा मेल. शेवटी एक ओळ : हा दावा नाकारण्याआधी क्लेम रिव्ह्यू कमिटीनं पाहिला होता का, ते कृपया लेखी कळवावं.

उत्तर आलं, 'निर्णय कायम'. कमिटीबद्दल अवाक्षर नाही.

विमा लोकपालांकडे जायला वकील लागत नाही आणि फीही नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, नकार आला किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही तर लोकपालांकडे, आणि तेही वर्षाच्या आत. नाशिक पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. ऑगस्टमध्ये अर्ज केला, नोव्हेंबरमध्ये सुनावणी झाली, ऑनलाइन. मी कांजीवरम नेसून बसले होते. का ते विचारू नका. कंपनीच्या बाजूनं एक डॉक्टर होते, सभ्य माणूस. त्यांचा रोख एकाच गोष्टीवर होता : हे उपचार खरोखर रुग्णालयाच्या तोडीचे होते का, की नंतर रंगवलेली वही आहे? 21 तारखेची दुपार कोरी का?

मी खरं ते सांगितलं. लोकपालांनी मान हलवली. मला वाटतं त्या कोऱ्या जागेनं वहीला उलट मदतच केली. नंतर बसून लिहिलेल्या वहीत कुणी आठ तास मोकळे सोडत नाही.

खरी अडचण व्हिडिओ कॉलच्या चार दिवसांची होती. त्या दिवशी वहीवर डॉक्टरांची सही नव्हती. मे महिन्यात मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले होते, सह्या करा म्हणून. ते म्हणाले, "करतो, पण आजच्या तारखेनं. मागची तारीख घालणार नाही." तेव्हा मला ते आडमुठे वाटले होते. कंपनीच्या डॉक्टरांनी नेमकं तेच विचारल्यावर मी मनातल्या मनात आमच्या डॉक्टरांना नमस्कार केला. चारपैकी दोन दिवशी त्यांनी व्हॉट्सअॅपवर तारखेसह औषधांची चिठ्ठी पाठवली होती, ती दाखवता आली. उरलेल्या दोन दिवशी फक्त बोलणं झालं होतं.

डिसेंबरमध्ये निवाडा आला. 56,000 मधून पीपीई आणि मास्कचे 4,700 गेले, ते देय नसलेल्या वस्तूंत येतात. ऑक्सिमीटर आणि नेब्युलायझरचे 4,050 गेले, कारण ही उपचारानंतरही घरात राहणारी उपकरणं. आरटीपीसीआरचे 800 गेले, कारण ती चाचणी 17 तारखेच्या आधीची आणि आमच्या पॉलिसीत डोमिसिलियरीला आधीचा आणि नंतरचा खर्च मिळत नाही. त्याच नियमानं 26 एप्रिलनंतरची 3,150 ची औषधं गेली. आणि ते दोन व्हिडिओ कॉल, 1,000. राहिले 42,300, ते तीस दिवसांत द्यावेत असा आदेश. संक्रांतीच्या आधी आले.

गंमत म्हणजे सिन्नरला माझ्या जावेला त्याच एप्रिलमध्ये घरीच कोविड झाला, सॅच्युरेशन कधीही 95 च्या खाली नाही, आणि तिला सगळे पैसे महिन्यात मिळाले. तिच्याकडे कोरोना कवच होतं, जुलै 2020 मध्ये आलेली ती ठरावीक मुदतीची पॉलिसी. तिच्यात चौदा दिवसांपर्यंतचे घरचे उपचार स्पष्ट लिहिलेले होते, बेड नसल्याचा पुरावा लागत नव्हता, ऑक्सिमीटर आणि नेब्युलायझरसुद्धा देय. मागणी मुख्यतः दोन गोष्टींची : अधिकृत प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह अहवाल, आणि डॉक्टरच्या सहीचा रोजचा तक्ता. तिथेही वहीच! फक्त ती पॉलिसी साडेनऊ महिन्यांची होती आणि मुदत संपल्यावर संपली.

आमची साधी पॉलिसी मात्र चालूच आहे. गेल्या नूतनीकरणाला कंपनीनं नव्या मसुद्याचं पुस्तक पाठवलं. या वेळी मी ते आल्या दिवशीच वाचलं. 'होम केअर ट्रीटमेंट' असं नवं कलम आलंय. त्यात जागा नसल्याची अट नाही, उपकरणांचं भाडं आहे, फक्त सेवा कंपनीनं नेमलेल्या संस्थेकडूनच घ्यायची. ग्राहक सेवेला फोन करून विचारलं, तुमची नेमलेली संस्था नाशिकला, इंदिरानगरात येते का?

"मॅडम, चेक करून कळवतो," म्हणाला. मी वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे.